१.४३ पट म्हणजे नेमके किती?

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली देशातल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही धूम्रपान करता का, एवढेच त्यात मुख्यतः विचारायचे होते. उत्तरे दिलेल्यांपैकी कोण कधी आणि कशाने वारले, याची नोंद मग वर्षानुवर्षे ठेवली गेली. त्यातल्या पुरुष डॉक्टरांच्या हृदयविकाराच्या मृत्यूंचा तक्ता संख्याशास्त्राच्या वर्गांत आजही सोडवला जातो. पॉयसन रिग्रेशन समजून घ्यायला मला याहून चांगला तक्ता माहीत नाही.

त्या तक्त्यात धूम्रपान करणाऱ्यांचे ६३० मृत्यू आहेत आणि न करणाऱ्यांचे १०१. हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण धूम्रपान करणारे संख्येनेच कितीतरी जास्त होते. म्हणून प्रत्येक माणूस जितकी वर्षे निरीक्षणाखाली होता, तितकी वर्षे मोजतात आणि त्यांची बेरीज करतात. या बेरजेला व्यक्ती-वर्षे म्हणतात. एका गटाची ती १,४२,२४७ भरली, दुसऱ्याची ३९,२२०. भागाकार केला की दर मिळतो: हजार व्यक्ती-वर्षांमागे एकीकडे ४.४ मृत्यू, दुसरीकडे २.६. म्हणजे सुमारे १.७ पट.

पण या १.७ मध्ये वयाची भेसळ आहे. धूम्रपान न करणाऱ्यांची जवळजवळ निम्मी व्यक्ती-वर्षे ३५ ते ४४ या तरुण गटातली होती, करणाऱ्यांची ३७ टक्केच. तरुण माणसे हृदयविकाराने कमी मरतात, मग ती सिगारेट ओढोत वा न ओढोत. वयाचा हा वाटा वेगळा काढण्याचे काम रिग्रेशन करते.

मृत्यूंची संख्या ० पासून सुरू होते, उणे कधीच होत नाही, आणि ती सरासरीभोवती किती विखुरते याचा अंदाज पॉयसनच्या नियमाने बांधतात. म्हणून इथे दराचा लॉग घेऊन समीकरण मांडतात. संगणकाला ते असे सांगायचे:

```
glm(deaths ~ smokes + factor(agecat) + offset(log(pyears)), family = poisson)
```

`offset` या शब्दामुळे व्यक्ती-वर्षे हिशेबात येतात आणि समीकरण मृत्यूंच्या नुसत्या संख्येऐवजी दराबद्दल बोलू लागते. उत्तरात धूम्रपानापुढे सहगुणक येतो 0.3545. हा आकडा लॉगच्या मोजपट्टीवरचा आहे. ०.३५ मृत्यू वाढले किंवा ३५ टक्के वाढ झाली, असे त्यातून वाचायचे नाही. लॉगमधली बेरीज म्हणजे मूळ दरात गुणाकार, त्यामुळे e चा तितका घात काढायचा: e^0.3545 = 1.43. वय सारखे असेल तर धूम्रपान करणाऱ्याचा दर न करणाऱ्याच्या १.४३ पट, म्हणजे ४३ टक्क्यांनी जास्त. नमुन्यातली अनिश्चितता धरली तर हा गुणक १.१५ ते १.७६ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ५५ ते ६४ या वयाचा गुणक ३५ ते ४४ च्या तुलनेत १३.८ येतो. मग त्या वयातल्या धूम्रपान करणाऱ्याचा दर न ओढणाऱ्या तरुण डॉक्टरच्या १३.८ × १.४३, म्हणजे जवळजवळ वीस पट होतो.

इथे थांबू नये. समीकरणाने गृहीत धरले आहे की प्रत्येक वयात गुणक एकच आहे. ते खरे आहे का, हे अपेक्षित आणि प्रत्यक्ष मृत्यू शेजारी मांडून कळते. न ओढणाऱ्या सर्वांत तरुण गटात समीकरण सुमारे ७ मृत्यू सांगते, झाले २. ७५ ते ८४ च्या गटात ते सुमारे २१ किंवा २२ सांगते, झाले ३१. चूक दोन टोकांना उलट्या दिशांनी जाते आहे, त्यामुळे तिला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही.

वयोगटानुसार गुणक वेगवेगळे काढले, तर ते ५.७, २.१, १.५, १.४ आणि ०.९ असे उतरत जातात. पहिला आकडा केवळ दोन मृत्यूंच्या पायावर उभा आहे, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. शेवटच्या ०.९ वरून म्हातारपणी सिगारेट तारते असे तर मुळीच म्हणता येत नाही. आकडे थोडे आहेत आणि धूम्रपानाने ज्यांना गाठायचे त्यातल्या अनेकांना आधीच गाठलेले असते. पण उतार खरा आहे, आणि तो समीकरणात आणायचा तर वयानुसार बदलणारा गुणक द्यावा लागतो.

गुणक उतरतो म्हणून नुकसान उतरते असे मात्र नाही. ३५ ते ४४ मध्ये दर ५.७ पट होतो, तरी हजार व्यक्ती-वर्षांमागे जादा मृत्यू अर्धाच, कारण मूळ दर ०.१ आहे. ६५ ते ७४ मध्ये गुणक १.४ वर येतो, पण तो १०.८ या दराला लागतो, आणि दर हजारी जवळजवळ चार माणसे जास्त मरतात.