आधी कान, मग सबटायटल!

जर्मनचा ए2चा कोर्स झालाय, शब्द पाठ आहेत, व्याकरणही बऱ्यापैकी बसलंय. मग हौसेने एखादा जर्मन सिनेमा लावावा आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळावं की आपण ऐकत नाही, नुसतं वाचतोय. सबटायटल बंद केलं की सगळी भाषा एकच लांबलचक शब्द वाटते. बी2, सी1ची मुलंही ही तक्रार करतात. त्यावर एक उपाय तुमच्या लॅपटॉपवर आधीपासूनच आहे. व्हीएलसी प्लेअरच्या चार-पाच कीजमध्ये तो दडलाय. फक्त त्या कुठल्या क्रमाने वापरायच्या, हे माहीत हवं. (इथे दिलेल्या कीज विंडोज आणि लिनक्सवरच्या आहेत. मॅकवर त्या वेगळ्या असतात.)

एक वाक्य घेऊ. पडद्यावर एकजण म्हणतोय, ‘मोमेंट माल, व्हिअर हाबेन नॉख त्साइट.’ म्हणजे, ‘थांब जरा, आपल्याकडे अजून वेळ आहे.’ पुस्तकातलं वाक्य हे असं. पण रोजच्या बोलण्यात ‘हाबेन’चं ‘हाम’ होतं आणि ऐकू येतं, ‘मोमेंमा, व्हिअ हाम नॉख त्साइट.’ सबटायटलमध्ये मात्र ‘हाबेन’ असंच छापलेलं असतं. डोळा ‘हाबेन’ वाचतो, कान ‘हाम’ ऐकतो आणि मेंदू डोळ्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो.

पहिलं काम म्हणजे सबटायटल जुळवणं. वेगळी .srt फाइल लावली की अक्षरं अनेकदा आवाजाच्या आधी किंवा नंतर येतात. H दाबलं की सबटायटल 50 मिलिसेकंद उशिरा येतं, G दाबलं की तेवढंच लवकर. पण किती वेळा दाबायचं? अंदाजाने दाबत बसण्यापेक्षा मोजता येतं. आपल्या वाक्याची सुरुवात ‘म’ने होते आणि ‘म’ म्हणताना ओठ मिटावेच लागतात. सबटायटल दिसताक्षणी स्पेसबारने व्हिडिओ थांबवा आणि मग E दाबा. एकदा दाबलं की एक फ्रेम पुढे. ‘म’साठी ओठ मिटेपर्यंत किती वेळा E दाबावं लागलं, ते मोजा. समजा, 18 वेळा. जर्मन टीव्हीचा व्हिडिओ साधारणपणे सेकंदाला 25 फ्रेमचा असतो, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. 18 गुणिले 40 म्हणजे 720. H 14 वेळा दाबलं की 700 होतात. उरलेले 20 मिलिसेकंद डोळ्याला कळतही नाहीत.

इथे एक गोची होऊ शकते. पाचव्या मिनिटाला सगळं नीट जुळवलं आणि पंधराव्या मिनिटाला बघता तर अक्षरं पुन्हा 25 सेकंद इकडेतिकडे. अशा वेळी H-G दाबत बसू नका. ती सबटायटल फाइल सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली असते आणि तुमचा व्हिडिओ 23.976 फ्रेमचा असतो, किंवा याच्या उलट. दोघांच्या वेगात चार टक्क्यांहून थोडा जास्त फरक असल्यामुळे अंतर दर मिनिटाला अडीच सेकंदांनी वाढत जातं. त्यावर सोपा मार्ग म्हणजे त्याच प्रतीसाठी बनवलेली दुसरी फाइल शोधणं. म्हणून एका ठिकाणी जुळवल्यावर दहा मिनिटं पुढे जाऊन एकदा तपासून घ्या.

आता खरी गंमत. सबटायटल अचूक जुळलं की ते मुद्दाम बिघडवा! Tools मेनूमध्ये Track Synchronization उघडा. सबटायटलच्या रकान्यात 0.7 सेकंद दिसेल. त्यात दीड सेकंद मिळवून 2.2 करा. आता वाक्य आधी कानावर पडेल आणि त्याचं उत्तर दीड सेकंदाने समोर येईल. त्या दीड सेकंदात काय ऐकलं ते स्वतःशी म्हणायचं, मग पडद्यावर पडताळायचं. ‘हाम’ की ‘हाबेन’, हा प्रश्न पडतो तो इथेच. दोघं-तिघं भराभर बोलत असतील तर मात्र हा प्रकार चालत नाही. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी दिसायला लागतं आणि नुसता गोंधळ होतो. तिथे उशीर अर्ध्या सेकंदावर आणा.

तरीही वाक्य सुटलं तर Shift+← दाबून तीन सेकंद मागे या आणि [ दोनदा दाबा. एकेका दाबण्याने वेग 0.1ने कमी होतो, म्हणजे आपण 0.8वर आलो. आवाज जाडाभरडा होत नाही, कारण प्लेअर आवाजाचे छोटे तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत ताणतो. पण 0.6च्या खाली गेलात तर हेच तुकडे ऐकू यायला लागतात. आवाज घुमतो, ‘ट’, ‘क’ यांची धार जाते. शिवाय वेग कमी केल्याने गिळलेली अक्षरं परत येत नाहीत. ‘हाम’ हळू केलं तर लांब ‘हाऽम’ ऐकू येतं, ‘हाबेन’ नाही.

इथे पुन्हा E कामाला येतं. फ्रेम पुढे सरकवताना आवाज नसतो, फक्त चेहरा दिसतो. ‘हाबेन’ स्पष्ट म्हटलं तर ‘ब’साठी ओठ मिटून लगेच ‘ए’साठी उघडतात. ‘हाम’ म्हटलं तर ओठ आणखी दोन-तीन फ्रेम मिटलेलेच राहतात आणि थेट ‘नॉख’साठी उघडतात. कानाने जे पकडलं नाही, ते डोळ्याने दिसतं. एकदा असं पाहिलं की पुढच्या सीनमधलं ‘हाम’ ऐकायला येऊ लागतं. मात्र बोलणारा कॅमेऱ्यासमोर हवा आणि सिनेमा मूळ जर्मन हवा. डब केलेल्या हॉलिवूडपटात आवाज जर्मन असला तरी ओठ इंग्रजी बोलत असतात. शिवाय अशा सिनेमांत डबिंगचे संवाद आणि सबटायटल अनेकदा दोन वेगळ्या भाषांतरांतून आलेले असतात, त्यामुळे शब्दही जुळत नाहीत. आणखी एक, व्हीएलसीच्या 3 क्रमांकाच्या आवृत्तीत E फक्त पुढे नेतं. एक फ्रेम मागे जायची की नाही, म्हणून पुन्हा Shift+← करावं लागतं.

यूट्यूबवर काय? व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची की दाबली तर एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली तर मागे. वेगही बदलता येतो. पण सबटायटल उशिरा आणायची सोय तिथे नाही, म्हणून दीड सेकंदाचा प्रयोग लॅपटॉपवरच्या फाइलवरच करावा लागतो.

दोन तासांचा अख्खा सिनेमा असा बघायचा नसतो. तीन मिनिटांचा एक सीन निवडा, त्यातली चार-पाच सुटलेली वाक्यं अशी सोडवा. शेवटी = दाबून वेग मूळ पदावर आणा, V दाबत जाऊन सबटायटल बंद करा आणि तोच सीन सलग ऐका. ही शेवटची फेरी टाळू नका. ग्योथं इन्स्टिट्यूटच्या बी1 परीक्षेत ऐकण्याच्या चार भागांपैकी दुसरा आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात. तिथे वेग मूळचाच असतो आणि Shift+← नसतं.