केटी सुटली, मग टक्के कमी का दिसतात?

नवघर रोडवर माझा कॉमर्सचा छोटा क्लास आहे. एटीकेटीचे निकाल लागले की संध्याकाळच्या बॅचआधी मुलं दारात उभी असतात. परवा एफवायची मॅथ्स राहिलेली एक मुलगी आली. मॅथ्स सुटली होती, बरोबर ४० मार्कांवर. पेढे आणले नव्हते. म्हणाली, "सर, केटी राहिली होती तेव्हा मी साठ टक्क्यांवर होते. सुटली आणि सत्तावन्नवर आले. यापेक्षा न सुटलेली बरी होती का?"

हा प्रश्न वेडेपणाचा नाही. भाईंदर पूर्वेतल्या कित्येक घरांत तो विचारला जातो, आणि "काठावर पास झालं की अॅग्रीगेट मरतं" असं ठामपणे सांगणारा एखादा दादा प्रत्येक इमारतीत सापडतो. मी तिला वही उघडायला लावली.

ही मुलं मुंबई विद्यापीठाची. आमच्या भागातली कॉलेजं ठाणे जिल्ह्यात येत असली तरी पदवी मुंबईचीच. २०१६-१७ पासून लागू झालेल्या दहा गुणांच्या ग्रेडिंगमध्ये बीकॉमच्या पहिल्या सेमिस्टरला सात पेपर होते. अकाउंटन्सी, कॉमर्स, बिझनेस इकॉनॉमिक्स, बिझनेस कम्युनिकेशन, ईव्हीएस आणि मॅथ्स हे प्रत्येकी तीन क्रेडिटचे, तर फाउंडेशन कोर्स दोन क्रेडिटचा. एकूण वीस क्रेडिट. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची आणि क्रेडिटची मांडणी बदलली आहे. पुढचे आकडे त्या जुन्या रचनेतले आहेत, पण हिशेबाची पद्धत तीच राहते.

तिचे मार्क असे: अकाउंटन्सी ६२, कॉमर्स ५८, इकॉनॉमिक्स ५१, कम्युनिकेशन ६४, ईव्हीएस ६६, फाउंडेशन ६०. मॅथ्समध्ये आधी ३१, आता ४०.

"केटी सुटली की टक्के पडतात"

तिचे साठ टक्के आले कुठून? मॅथ्स सोडून बाकीच्या सहा पेपरांची बेरीज ३६१. तिने ती बेरीज सहाने भागली आणि ६०.१७ काढले. राहिलेला पेपर "अजून व्हायचाय" म्हणून हिशेबात धरलाच नाही. पेपर सुटल्यावर मात्र बेरीज ४०१ झाली आणि भागाकार ७०० ने झाला. आले ५७.२९ टक्के. म्हणजे एका बाजूला सहा पेपरांची सरासरी आणि दुसऱ्या बाजूला सात पेपरांची. या दोन्हींची तुलना करून "पडले" म्हणणं म्हणजे सहा खेळाडूंची सरासरी उंची मोजायची, सातवा बुटका आत घ्यायचा आणि संघ खुजा झाला म्हणून रडायचं.

खरी तुलना सात पेपरांची सात पेपरांशीच करायची. मॅथ्स ३१ वर होतं तेव्हा बेरीज ३९२, म्हणजे ७०० पैकी बरोबर ५६ टक्के. आता ५७.२९. टक्का सव्वा टक्क्याहून जास्त वर गेला आहे. राहिलेल्या पेपरात आधीपेक्षा जास्त मार्क मिळाले तर एकूण टक्केवारी वाढते, ती कमी व्हायला जागाच नाही.

हा गैरसमज इतका टिकून राहायला मार्कशीटही थोडी जबाबदार आहे. एखाद्या विषयात एफ असला की त्या सेमिस्टरचा एसजीपीए छापलाच जात नाही, जागा रिकामी असते. मग मुलं मनाने एक आकडा धरतात, आणि तो नेहमी पास झालेल्या पेपरांचाच असतो. खरा आकडा पहिल्यांदा समोर येतो तो केटी सुटल्यावर. धक्का तेव्हा बसतो, म्हणून दोष केटीच्या माथी.

"चाळीस म्हणजे चाळीस, त्याचं वजन सारखंच"

टक्केवारीत ३१ चे ४० झाले म्हणजे नऊ मार्कांची भर. ग्रेडमध्ये गोष्ट निराळी आहे. चाळीसच्या खाली एफ, आणि एफचे गुण शून्य. तिथे ३९ आणि ३ यांत फरक नाही. ४० ते ४४.९९ पर्यंत डी, चार गुण. ४५ पासून सी, पाच. ५० पासून बी, सहा. ५५ पासून बी प्लस, सात. ६० पासून ए, आठ. ७० पासून ए प्लस, नऊ. ८० आणि वर ओ, दहा. प्रत्येक पेपरचे गुण त्याच्या क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि वीसने भागायचं, की एसजीपीए तयार.

तिच्या सहा पेपरांचे असे १२७ झाले. मॅथ्सचे चार गुणिले तीन, बारा. एकूण १३९, भागिले वीस: ६.९५. मॅथ्समध्येही अकाउंटन्सीसारखे ६२ आले असते तर १५१ झाले असते आणि एसजीपीए ७.५५. एका सेमिस्टरमध्ये अर्ध्याहून जास्त गुणाचा फटका आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तिला नोकरीच्या फॉर्ममध्ये भरायचाय सीजीपीए, आणि सहा सेमिस्टरचे मिळून क्रेडिट होतात १२०. तो बारा गुणांचा फरक १२० ने भागला की उरतो ०.१. जिथे ७.६ आले असते तिथे ७.५. टक्क्यांत सांगायचं तर तीन वर्षांचे साधारण चाळीस पेपर धरा. २२ मार्क कमी म्हणजे चार हजारांत बावीस, अर्धा टक्का आणि थोडं वर.

अर्थात हा एका केटीचा हिशेब. पाच पेपर असे काठावर सुटले तर ०.१ चे ०.५ होतात, आणि मग ते दिसायला लागतं. नुकसान सरळ रेषेत वाढतं, अचानक कोसळत नाही.

यातली एक बाब मुलांच्या लक्षात येत नाही, आणि खरी कमाई तिथेच आहे. तिला मॅथ्समध्ये ४० ऐवजी ४४ पडले असते तर एसजीपीए तोच, ६.९५. पंचेचाळीस पडले असते तर ७.१०. म्हणजे चार मार्कांचं काही मोल नाही आणि पाचव्याने तीन क्रेडिट गुण. आता वर तिचं कॉमर्स पाहा: ५८. तिथे दोनच मार्क जास्त असते तरी एसजीपीए ७.१० झाला असता, अगदी तेवढाच. केटीच्या पेपरात पाच मार्क खेचायला जी मेहनत, तिच्या निम्म्यात कॉमर्सचे दोन मार्क आले असते. तो पेपर आता होऊन गेला, पण पुढच्या सेमिस्टरला ५८-५९ च्या घरात अडकणारे विषय कोणते, हे ओळखून ठेवण्यासारखं आहे.

"पासिंगपुरते मिळाले म्हणजे मार्कशीटवर ४०"

बीएमएस, बीएएफवाल्या मुलांनी इथे थांबावं. त्यांच्याकडे ७५:२५ असायचं, लेखी ७५ आणि इंटर्नल २५. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे चाळीस टक्के लागायचे, लेखीत ३० आणि इंटर्नलमध्ये १०. समजा इंटर्नलमध्ये २० आले आणि लेखीत २२. बेरीज ४२, चाळीसच्या वर, तरी नापास. कारण लेखीचा उंबरठा ओलांडलेला नाही. "सर, बेचाळीस आहेत, विद्यापीठाने चूक केली" म्हणून रिव्हॅल्युएशनचे पैसे भरायला निघालेली मुलं मी दर वर्षी थांबवायचो.

मात्र याच नियमाची दुसरी बाजू सुखाची आहे. केटीला फक्त लेखी पेपर पुन्हा द्यायचा, इंटर्नलचे २० तसेच पुढे येतात. लेखीत जेमतेम ३० मिळवले तरी एकूण होतात ५०. ग्रेड डी नाही, थेट बी, सहा गुण. काठावरचं पासिंग आणि अॅग्रीगेटमधले चाळीस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इंटर्नल चांगलं असलेल्या मुलाला काठावरचं पासिंग फारसं महाग पडत नाही. उलट इंटर्नल दहावर आणलेल्याला पडतं.

"केटीला कितीही मिळवा, चाळीसच धरतात"

हे मी भाच्याकडून ऐकलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. तो इंग्लंडात शिकतो. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीला पासिंग चाळीसच असतं, आणि पुन्हा दिलेल्या पेपरात ७० मिळाले तरी रेकॉर्डवर ४०, असा नियम सर्रास आहे. आपल्याकडच्या काही स्वायत्त कॉलेजांतही पुरवणी परीक्षेच्या ग्रेडवर कमाल मर्यादा घालतात. मुंबई विद्यापीठाच्या साध्या संलग्न कॉलेजात तसं नाही. एटीकेटीला ६८ मिळाले तर ६८ च धरतात. त्यामुळे "कसेही चाळीस काढू, पुढे सगळं सारखंच" म्हणून गाइडची शेवटची वीस पानं पाठ करणाऱ्याने आधी आपलं कॉलेज स्वायत्त आहे की संलग्न ते ऑफिसात विचारावं. संलग्न असेल तर तो हातचं सोडतोय.

आता टक्क्यांपेक्षा महाग पडणारी बाब. मागच्या सेमिस्टरची एक जरी केटी लटकत राहिली तरी सहाव्या सेमिस्टरचा निकाल राखून ठेवला जातो. पेपर सगळे दिलेले, मार्क चांगले, पण पदवी नाही. कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या कंपन्या लाइव्ह केटी आणि डेड केटी असा भेद करतात, आणि लाइव्ह केटीवाल्याचं नाव पुष्कळदा यादीतच घेत नाहीत. सीजीपीएतल्या ०.१ साठी कोणी तुम्हाला परत पाठवत नाही, उघड्या केटीसाठी पाठवतात. म्हणूनच पुढच्या खेपेला "चांगले मार्क काढू" म्हणून केटीचा फॉर्म न भरता सोडून देणारी मुलं दिसली की मला घाम फुटतो.

तिने वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले: ६०.१७, ५६, ५७.२९. पहिल्यावर रेघ मारली. मग कॉमर्सच्या ५८ भोवती गोल केला आणि म्हणाली, "सर, हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धवट सोडलंच नसतं." खाली बॅचची मुलं जिना चढत होती. तिने वही पिशवीत टाकली आणि सेकंड सेमिस्टरच्या कॉमर्सच्या नोट्स मागितल्या.