गीझर बिघडला आणि घरमालक परगावी आहे

पुण्यात धायरी, वडगाव, आंबेगाव या भागातल्या कितीतरी सोसायट्यांना बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. हे पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर त्यातल्या क्षारांचा पांढरा थर साठत जातो, त्याखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि कधीतरी तिच्या धातूच्या आवरणाला तडा जातो. त्या तड्यातून पाणी आत शिरलं की वीज गळू लागते. गीझर सुरू केला की आरसीसीबी पडतो आणि सगळ्या घराची वीज जाते. पाणी नुसतं कोमट येत असेल तर दोष बहुतेक थर्मोस्टॅटचा किंवा साठलेल्या क्षारांचा असतो. टाकीच्या बुडातून गळत असेल तर अनेकदा टाकीच सडलेली असते आणि तसं असेल तर गीझर बदलावा लागतो. आरसीसीबी पडणं मात्र या दोन्हींहून गंभीर आहे, कारण त्यात शॉक बसण्याचा धोका असतो. अशा वेळी बटण बंद ठेवायचं आणि त्याच दिवशी घरमालकाला कळवायचं.

कळवतात सगळेच, पण फोनवर. एखादं उदाहरण घेऊ. वडगावात एका कुटुंबाने 1 जुलै 2025 पासून अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे. करारात नाव आहे न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाचं, व्यवहार बघतात नाशिकला असलेले त्याचे वडील. 2 डिसेंबरला गीझर बिघडला तसा काकांना फोन गेला. 6 तारखेला व्हॉट्सॲपवर फोटो गेला, त्यावर ‘बघतो’ असं उत्तर आलं. 11 तारखेला काकांनी पाठवलेल्या इलेक्ट्रिशियनने थर्मोस्टॅट बदलला. 14 तारखेला पुन्हा आरसीसीबी पडला. काकांच्या दृष्टीने काम झालेलं आहे, आणि मुलाला यातलं काहीच ठाऊक नाही.

मेल लिहायची वेळ ही आहे. तो करारात ज्याचं नाव आहे त्याला जायला हवा आणि त्याची प्रत काकांना. लिहिण्याआधी दोन कामं करावीत. कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून नेमका दोष आणि खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा. मग कराराच्या शेवटी असलेली फर्निचर आणि उपकरणांची यादी काढून बघावी. त्यात ‘गीझर – 1’ अशी नोंद असेल तर गीझर घरासोबत दिलेला आहे हे वेगळं सांगत बसावं लागत नाही. दुरुस्ती कुणी करायची याचं कलमही तिथेच वाचून घ्यावं. काही करारांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्यावर टाकलेली असते.

मेल असा लिहिता येईल:

‘विषय: वडगाव फ्लॅट – गीझर 2 डिसेंबरपासून बंद, 23 डिसेंबरपर्यंत दुरुस्तीची विनंती

नमस्कार,

आपल्या फ्लॅटमधला 25 लिटरचा गीझर मंगळवार, 2 डिसेंबर 2025 पासून बंद आहे. तो सुरू करताच आरसीसीबी पडतो. सुरक्षेसाठी आम्ही तो वापरत नाही.

2 डिसेंबर – काकांना फोन करून कळवलं.
6 डिसेंबर – काकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले.
11 डिसेंबर – काकांनी पाठवलेल्या इलेक्ट्रिशियनने थर्मोस्टॅट बदलला.
14 डिसेंबर – आरसीसीबी पुन्हा पडला. काकांना फोनवर सांगितलं.
15 डिसेंबर – कंपनीच्या तंत्रज्ञाने गीझर उघडून पाहिला. कॉइलवर क्षार साठून तिला तडा गेला आहे, टाकी चांगली आहे. कॉइल आणि गॅस्केट बदलण्याचा खर्च अंदाजे 1,900 रुपये.

गीझर कराराच्या यादीत आहे. कृपया शुक्रवार, 19 डिसेंबरपर्यंत दुरुस्तीचा दिवस कळवावा आणि मंगळवार, 23 डिसेंबरला संध्याकाळी 6 पर्यंत काम पूर्ण करून द्यावं. आम्ही रोज सकाळी 10 पर्यंत आणि संध्याकाळी 6 नंतर घरी असतो, रविवारी दिवसभर.

आपल्याला सोयीचं असेल तर आम्ही काम करून घेऊ आणि बिल पाठवू. ती रक्कम जानेवारीच्या भाड्यातून वजा करायला आपली संमती असल्याचं कृपया याच मेलला उत्तर देऊन कळवावं.

सोबत: कॉइलचे फोटो, तंत्रज्ञाचा अहवाल, 6 डिसेंबरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट.’

या मेलमध्ये थंड पाण्याने आंघोळ करणाऱ्या आजी नाहीत, ‘कितीदा सांगायचं’ नाही. त्रास खराच असतो, पण तो लिहिला की उत्तरही त्यालाच येतं आणि गीझर बाजूला राहतो. तारखांच्या यादीत 11 डिसेंबरची नोंद मुद्दाम ठेवलेली आहे. काकांनी माणूस पाठवला होता हे मान्य केल्याने मुलाला वडिलांची बाजू घेत बसावं लागत नाही, आणि दुरुस्ती होऊनही दोष राहिला हेही कळतं.

‘लवकरात लवकर’ या शब्दांना मुदत म्हणता येत नाही. इथे दोन तारखा आहेत. पहिली फक्त उत्तरासाठी, म्हणजे परदेशातल्या माणसाला वेळेचा फरक सांभाळून वडिलांशी बोलता येईल. दुसरी कामासाठी. कॉइल बाजारात सहज मिळते आणि बदलायला तासा-दोन तासांचं काम असतं, म्हणून आठवडा पुरेसा आहे. टाकी गळत असती, वॉरंटीचा दावा करायचा असता, तर खरेदीचं बिल शोधण्यापासून सुरुवात झाली असती आणि मुदतही जास्त द्यावी लागली असती.

भाड्यातून पैसे वजा करण्याबद्दल संमती का मागितली, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. नोटीस दिल्यावर किमान 15 दिवसांच्या वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण ही तरतूद भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत लायसन्सी असतो, आणि तो या कलमावर विसंबून परस्पर पैसे कापू शकत नाही. त्याचा आधार म्हणजे करार आणि घरमालकाची लेखी संमती. म्हणून मेलमध्ये कलम 14 चा धाक घालू नये आणि भाडं थांबवण्याची भाषाही करू नये. भाडं थकलं तर करार मोडल्याचा ठपका राहणाऱ्यावरच येतो.

या मेलचा दुसरा उपयोग घर सोडताना होतो. अनामत परत करताना ‘गीझर तुम्ही खराब केला’ म्हणून रक्कम कापली जाण्याची शक्यता असते. तडा क्षारांमुळे गेला होता, हे 15 डिसेंबरच्या अहवालासह तेव्हाच कळवलेलं असेल तर तो वाद मिटवणं सोपं जातं.

23 तारीख उत्तराशिवाय गेली, तर 24 ला त्याच मेलच्या साखळीत दोन ओळी लिहाव्यात: काम झालेलं नाही, आणि नवी तारीख. मध्ये काकांचा फोन आला, तर ‘आज आपलं बोलणं झालं, आपण शनिवारी माणूस पाठवतो म्हणालात’ एवढं लगेच लिहून टाकावं. गीझर सुरू झाला की शेवटचा मेल पाठवायचा. त्यात काम झाल्याची तारीख, बदललेला भाग, बिलाची प्रत आणि नव्या कॉइलची वॉरंटी कधीपर्यंत आहे ते लिहायचं.