कपातून छातीपर्यंत

मुळशीचा पाऊस लागला की पिरंगुटमधल्या बालरोगतज्ज्ञांकडे घरघरणाऱ्या पोरांची रांग लागते. आधी नाक वाहतं, मग खोकला सुरू होतो आणि एखाद्या रात्री पोराच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. लहान मुलांच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद असतात. सर्दीच्या विषाणूने त्यांना सूज आली, त्यात कफ साठला आणि भोवतीचे स्नायू आवळले, की हवा बाहेर पडायलाही धडपड करावी लागते. आतून ओल आलेल्या भिंती आणि त्यांवरची बुरशी त्यात भर घालतात.

माझ्या भाचीचा मुलगा तीन वर्षांचा आहे, वजन तेरा किलो. दोन पावसाळे त्याला असा त्रास झाल्यावर डॉक्टरांनी घरी नेब्युलायझर ठेवायला सांगितलं. जेवणाच्या टेबलावर ते पांढरं खोकं असतं. आत हवा दाबणारा पंप, त्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला औषधाचा छोटा कप आणि त्यावर मास्क. बटण दाबलं की जोरात घरघर होते आणि मास्कमधून पांढरा धूर निघतो. घरातल्या सगळ्यांना तो धूर पाहून बरं वाटतं. पण धूर दिसला म्हणजे औषध छातीत पोचलं, असं नसतं. लहान मुलांत सगळं नीट जमलं तरी कपातल्या औषधाचा दहावा हिस्साही फुप्फुसात जात नाही. बाकीचं कपाला चिकटून राहतं, पोर श्वास सोडत असताना हवेत उडून जातं, नाकातोंडात बसतं किंवा गिळलं जातं. घरच्यांच्या हातात असतं ते एवढंच, की हा हिस्सा आणखी घटू द्यायचा नाही.

सुरुवात औषधाच्या निवडीपासून होते. भाचीकडे दोन खोकी आहेत आणि दोन्हींत सारख्याच दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या कुप्या, ज्यांना सगळे रेस्प्यूल म्हणतात. एकात साल्बुटामॉल आहे. हे आवळलेले स्नायू सैल करतं आणि काही मिनिटांत त्याचा गुण दिसायला लागतो. दुसऱ्यात बुडेसोनाइड आहे, म्हणजे स्टिरॉइड. ते सूज उतरवतं, पण सावकाश. रोज दिलं तर पुढचे झटके कमी होतात. धाप लागलेल्या पोराला रात्री दोन वाजता नुसतं बुडेसोनाइड दिलं तर त्या घटकेला त्याला आराम पडत नाही, आणि घरच्यांना वाटतं की औषध तर दिलंय. अंधारात ओळखायची सोपी खूण आहे. साल्बुटामॉल पाण्यासारखं स्वच्छ असतं, बुडेसोनाइड दुधाळ. दुधाळ कुपी उघडण्याआधी हलक्या हाताने हलवावी लागते, कारण औषधाचे कण तळाशी बसलेले असतात. भाचीने एका खोक्यावर मार्करने ‘धाप’ आणि दुसऱ्यावर ‘रोज’ असं लिहून ठेवलंय. मला ते फार आवडलं, कारण रात्री औषध देणारी कधी ती असते, कधी तिच्या सासूबाई.

काही घरांत रेस्प्यूलऐवजी साल्बुटामॉलची थेंबांची बाटली असते. तिच्यात एका मिलीलिटरला पाच मिलीग्रॅम औषध असतं, म्हणजे रेस्प्यूलपेक्षा पाचपट तीव्र. अडीच मिलीग्रॅमसाठी त्यातलं फक्त अर्धा मिलीलिटर घ्यायचं आणि बाकी सलाइनने भरायचं. ‘नेहमीएवढंच’ म्हणून अडीच मिलीलिटर ओतलं तर पाचपट डोस जातो. पोराचे हात थरथरतात, छाती धडधडते. एक वर्षाखालच्या बाळाची गोष्ट वेगळीच. त्या वयात पहिल्यांदा घरघर झाली तर अनेकदा तो ब्रॉन्किओलायटिस असतो आणि त्यात साल्बुटामॉलचा उपयोग होत नाही. म्हणून मोठ्या भावाचं औषध धाकट्याला लावायचं नाही, डॉक्टरांनाच दाखवायचं.

एका रात्री भाचीच्या मुलाला धाप लागली, तेव्हा मी तिथेच होते. भाचीने साबणाने हात धुतले, साल्बुटामॉलची अडीच मिलीग्रॅमची कुपी पिळून कपात रिकामी केली. कुपीत औषध अडीच मिलीलिटर. मग तिने सिरिंजने दीड मिलीलिटर नॉर्मल सलाइन वर घातलं. सासूबाईंनी विचारलं, “पाणी कशाला घालतेस गं, औषध पातळ होईल ना?” पण डॉक्टरांनी असंच लिहून दिलं होतं आणि त्यामागे हिशोब आहे. मशीन कितीही चालवलं तरी कपाच्या कडांना साधारण एक मिलीलिटर चिकटून राहतंच. अडीच मिलीलिटर भरलं तर दीडच बाहेर पडतं, म्हणजे साठ टक्के. चार भरलं तर तीन बाहेर पडतं, म्हणजे पंचाहत्तर टक्के. औषध तेवढंच, पण पोराच्या वाट्याला जास्त येतं. वेळ मात्र थोडा वाढतो. भर घालायची ती सलाइनचीच, नळाचं किंवा उकळलेलंही पाणी नको, कारण साध्या पाण्याचे तुषार संवेदनशील श्वासनळ्यांना आणखी आवळू शकतात. कापूर, निलगिरी, सर्दीची कॅप्सूल यांतलं काहीही या कपात जाता कामा नये.

मग मास्क. खरी झटापट इथे असते. पोर मशीनच्या आवाजाला घाबरतं, मान फिरवतं, आणि आजीला दया येते. ती मास्क चेहऱ्यापासून थोडा लांब धरते, धूर नाकाकडे जाईल अशा बेताने. बहुतेक घरांत हेच चालतं आणि औषध सगळ्यात जास्त इथेच वाया जातं. मास्क एक सेंटिमीटर दूर गेला तर आत जाणारं औषध निम्म्यावर येतं, दोन सेंटिमीटर गेला तर जेमतेम सहावा-सातवा भाग उरतो. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं अंतर.

मास्क मुलाच्या मापाचा हवा. वरची कड नाकाच्या दांड्यावर आणि खालची हनुवटीवर टेकली पाहिजे, डोळ्यांना लागता कामा नये. मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर ठेवला की गालांशी फट राहते आणि धूर थेट डोळ्यांत जातो. इप्राट्रोपियम असलेलं औषध असेल तर त्याने बाहुली मोठी होते, आणि दुसऱ्या दिवशी एक डोळा वेगळा दिसला की घरचे हादरतात. फट आहे का हे पाहायला वेगळं काही करावं लागत नाही. धूर मास्कच्या ठरलेल्या छिद्रांतून निघतोय की कडेने डोळ्यांकडे चढतोय, एवढंच पाहायचं.

रडणाऱ्या पोराला दाबून धरून मास्क लावण्यातही अर्थ नाही. रडताना श्वास लांब सुटतो आणि मध्येच झटक्यात ओढला जातो. त्या झटक्यात औषधाचे कण घशातच आदळतात. भाचीने त्याला मांडीवर ताठ बसवलं, पाठ तिच्या छातीला टेकवून. आडवं झोपवलं तर कप कलतो आणि कप कलला की धूर थांबतो. मशीन सुरू करण्याआधीच तिने मास्क त्याच्या वाघाला लावला, मग स्वतःला, मग त्याला. मशीन लांब खुर्चीवर ठेवलं, म्हणजे आवाज जरा कमी. “बघ बाळा, विमान निघालं,” म्हणत मोबाइलवर त्याचं गाणं लावलं. तो हुंदके देत देत शांत झाला. सात-आठ मिनिटांनी कपातून फडफड आवाज यायला लागला, तेव्हा तिने कपाला दोन टिचक्या मारल्या, कडांवरचे थेंब खाली आले आणि धूर पुन्हा सुरू झाला. पुन्हा फडफड सुरू झाल्यावर बटण बंद.

डोस देण्याआधी तिने त्याचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले होते: चोपन्न. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा जास्त म्हणजे वेग वाढलेला. बरगड्यांमधली कातडीही आत ओढली जात होती. वीस मिनिटांनी अडतीस, ओढ कमी, आणि त्याने पाणी मागितलं. फरक पडला नसता तर डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे दुसरा डोस देता देताच निघायची तयारी करायची होती. चार तासांच्या आत पुन्हा गरज लागली तरी दाखवायचं. ओठ निळसर, बोलता किंवा पिता न येणं, ग्लानी, यांपैकी काहीही दिसलं की थेट १०८. एक गोष्ट फसवते: पोर थकलेलं असताना शिट्टीचा आवाज अचानक थांबला तर ते बरं झालंय असं समजू नये. हवा आत-बाहेर जाणंच इतकं कमी झालेलं असतं की आवाज निघत नाही. पौड रस्त्याने चांदणी चौकापर्यंत कधी किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून इथल्या लोकांनी हा निर्णय लवकर घ्यावा.

त्या कागदावर आणखी एक ओळ होती: वीज नसेल तर स्पेसरमधून पंप. माझं स्पष्ट मत आहे की वीज असतानाही घरात आधी स्पेसरच हवा. मध्यम त्रासात मास्कवाला स्पेसर नेब्युलायझरइतकंच काम करतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि बालरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही त्यालाच पसंती देतात. तो पिशवीत मावतो, आवाज करत नाही, दोन-तीन मिनिटांत काम होतं. मास्क चेहऱ्याला घट्ट बसवण्याचा नियम मात्र त्यालाही तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं. खरं तर ते प्रत्येक वापरानंतर करायचं. कप, त्यातला छोटा शंकू, झाकण आणि मास्क सुटे करून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायचे, चांगले खंगाळायचे. बुडेसोनाइड दिलं असेल तर पोराचा चेहराही धुवायचा आणि चूळ भरायला किंवा पाणी प्यायला लावायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. नळी धुवायची नाही. आत गेलेलं पाणी निघत नाही. तिच्यात बाष्प दिसलं तर कप काढून मशीन नुसतं चालवायचं. धुतल्याने कफ आणि औषधाचा थर जातो, जंतू जातातच असं नाही. त्यासाठी रोज एकदा, मशीनच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर, कप पाच मिनिटं उकळायचा. प्रत्येक मास्कला उकळणं सोसत नाही.

पिरंगुटच्या जुलैत सगळ्यात अवघड काम वाळवण्याचं. कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात तिथे कपाच्या खोबणीतलं पाणी कसं सुकणार? आणि ओलसर कपात जंतू वाढतात, ते पुढच्या डोसबरोबर थेट छातीत. भाची सगळे भाग झटकते, स्वच्छ कोरड्या पंचावर पंख्याखाली ठेवते, मग कप नळीला जोडून मशीन दोन मिनिटं रिकामं चालवते. पूर्ण कोरडा झाल्यावरच डब्यात. मशीन भाड्याने आणलं असलं तरी कप, नळी आणि मास्क स्वतःचा नवाच घ्यायचा.

आणि तोच डोस आता आठ मिनिटांऐवजी वीस मिनिटं घेऊ लागला तर कपाचं बारीक छिद्र क्षारांनी बुजलंय किंवा मशीनचा फिल्टर करडा झालाय. छिद्रात टाचणी घालायची नाही; ते जरा रुंद झालं तरी तुषार मोठे होतात आणि घशातच अडकतात. कप बदलायचा, फिल्टर बदलायचा, आणि पुन्हा घड्याळ लावून पाहायचं.