बांधाची जागा उतारच सांगतो

सांगोला-आटपाडीकडचं हलक्या मुरमाड जमिनीचं एक शेत घ्या. बाजरी, मटकी, तूर. सगळी भिस्त पावसावर. इथे समतल बांध घालायचे तर दोन बांधांत अंतर किती ठेवावं? पुष्कळ जण थेट टेप धरतात. त्याआधी उतार मोजायला हवा.

दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून तिच्यात पाणी भरलं की हे काम भागतं. उताराच्या दिशेनं २० मीटरवर जमीन ६० सेंटीमीटर खाली गेली, तर उतार ३ टक्के. आता एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत जमीन किती खाली उतरू द्यायची, ते काढू. टक्क्याला ३ नं भागायचं, त्यात २ मिळवायचे आणि ०.३ नं गुणायचं. आपल्या शेतात उत्तर येतं ०.९ मीटर. ३ टक्के उतारावर जमीन तेवढी खाली यायला ३० मीटर लागतात, तेच दोन बांधांमधलं अंतर. उतार १.५ टक्के असता तर ५० मीटर चाललं असतं. ६ टक्क्यांना जेमतेम २० मीटर.

पण शेत एकसारखं कधीच उतरत नाही. म्हणून टेपचे ३० मीटर धरून सरळ रेघ मारू नये. ०.९ मीटर खालचा बिंदू सापडला की त्याच पातळीचे बिंदू आडव्या दिशेनं शोधत जायचं आणि चुन्यानं जोडायचे. रेघ वाकडी येते. औताला थोडी अडचण होते, म्हणून बारीक वळणं सरळ करायला हरकत नाही, पण पातळी सोडायची नाही.

बांध किती उंच? मोठ्या पावसात शेतावरून ५० मिलिमीटर पाणी वाहून आलं असं धरू. ३० मीटर रुंद पट्ट्यातून बांधाच्या प्रत्येक मीटरमागे दीड घनमीटर पाणी जमतं. ते बांधापाशी ३० सेंटीमीटर उंच साठतं आणि १० मीटर मागे पसरतं. म्हणून दगडी सांडव्याचा माथा त्या उंचीवर ठेवायचा आणि बांध त्याहून बराच वर. ताजी माती दबते, तिची भर आधीच घालावी लागते.

काम वरच्या बांधापासून सुरू करावं. खालचा आधी झाला, तर वरचं सगळं पाणी त्या एकट्यावर येतं. पहिला मोठा पाऊस झाला की पाण्याची कड पाहावी. पाणी एकाच खोलगट जागी गोळा होत असेल, तर तिथे पातळी चुकली आहे. बांध तिथूनच फुटतो, आणि त्याचा लोंढा खालचे बांधही नेतो.

काळ्या भारी जमिनीत मात्र हे बांध घालू नयेत. तिथे पाणी मुरत नाही, पीक पिवळं पडतं. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात पाणी त्यांतूनच वाट काढतं. तिथे ढाळीचे बांध घालतात, १०० मीटरला २० ते ४० सेंटीमीटर उतार देऊन, म्हणजे जादा पाणी गवत लावलेल्या चरातून सावकाश बाहेर जातं.