हनुवटी आणि छाती यांमधलं अंतर

भूलतज्ज्ञ म्हणून चौतीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले तेव्हा वाटलं होतं, आता आपलं काम फक्त डिंकाचे लाडू आणि बाळाची मालीश. नातू सात आठवड्यांचा झाला होता तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांकडे जाऊन मुलगी आणि जावई परत आले. बाळ येताना गाडीतल्या आसनात, म्हणजे कार सीटमध्ये, झोपून गेलं होतं. ही आसनं बादलीसारखी कडी धरून उचलता येतात. जावयांनी ते तसंच उचलून दिवाणखान्यात जमिनीवर ठेवलं, आणि बाळाला मोकळं वाटावं म्हणून पट्टे थोडे सैल केले. घर शांत झालं. मुलगी अंघोळीला गेली.

मी भाजी निवडत होते. कानावर एक बारीक आवाज पडला. प्रत्येक श्वासाबरोबर हलकंसं कण्हल्यासारखा. घरातल्या कुणाला तो गाढ झोपेचा आवाज वाटला असता. मला तो शस्त्रक्रियागृहातला आवाज वाटला. जाऊन पाहिलं तर बाळ सैल पट्ट्यांतून खाली घसरलं होतं, मान पुढे पडली होती, हनुवटी छातीला टेकली होती आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी पट्टे सोडून त्याला उचललं. अर्थातच ते रडलं. लेक बाहेर येऊन म्हणाली, ‘अगं आई, सकाळपासून आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा!’

तिचं चिडणं रास्त होतं. तिला जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर मांडते आहे.

नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं. त्याच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचा. त्यातही डोक्याची मागची बाजू फुगीर आणि मानेचे स्नायू दुबळे. पूर्ण दिवसांच्या बाळाला भूल देताना आम्ही श्वासनलिकेत जी नळी घालतो, तिचा आतला व्यास ३ किंवा ३.५ मिलिमीटर असतो. यावरून तो मार्ग केवढा अरुंद असेल याचा अंदाज यावा. अशा नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाची मान झोपेत वाकली तर त्याला घोरणं सुटतं. बाळाच्या बाबतीत तेवढ्याच वाकण्याने श्वासाचा रस्ता बंद होऊ शकतो. हनुवटी छातीकडे आली की खालचा जबडा मागे ढकलला जातो, जबड्याबरोबर जीभ मागे जाते आणि घशातली मऊ जागा चेपली जाते.

म्हणूनच शस्त्रक्रियेच्या टेबलावर आम्ही बाळाच्या खांद्यांखाली कापडाची छोटी गुंडाळी ठेवतो, जेणेकरून मान सरळ राहावी. (हे घरी करायचं नाही. तिथे एक प्रशिक्षित माणूस बाळावरून क्षणभरही नजर हलवत नाही.) आयुष्यभर मी जी स्थिती टाळत आले, नेमकी तीच स्थिती अर्धवट बसतं आसन, यांत्रिक झोका किंवा उसळती खुर्ची तयार करते. तिथे गुरुत्वाकर्षण डोक्याला सतत पुढे ओढत असतं. पाठीचा कणा गोल झाल्याने पोट दुमडतं आणि श्वासपटलालाही खाली सरकायला पुरेशी जागा उरत नाही.

सर्वांत भयंकर गोष्ट अशी, की या सगळ्याचा गाजावाजा होत नाही. श्वास अडकलेला मोठा माणूस धडपडतो. प्राणवायू कमी झालेलं लहान बाळ अनेकदा हातपायही न हलवता शांत होत जातं. कण्हण्याचा आवाज, नाकपुड्या फुलणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ निळसर होणं ही लक्षणं दिसली तर बाळाला तात्काळ उचलावं. पण लक्षणं दिसतीलच या भरवशावर कुणी राहू नये. माझ्या कानाला आवाज आला हे त्या दिवसाचं नशीब.

‘मग कार सीट वापरूच नये का?’ लेकीचा पुढचा प्रश्न. तर, गाडीत ते हवंच. प्रवासात बाळाला मांडीवर घेऊन बसणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. फरक आसनात नाही, ते कुठे आणि कसं वापरलं यात आहे. अमेरिकेत २००४ ते २०१४ या काळातल्या झोपेशी संबंधित ११,७७९ बालमृत्यूंचा अभ्यास २०१९ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यांपैकी ३४८ मृत्यू बसत्या साधनांत झाले होते आणि त्यांतले सुमारे ६३ टक्के कार सीटमध्ये. पण या कार सीटमधल्या मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घटनांत आसन सूचनेप्रमाणे वापरलेलंच नव्हतं. बसत्या साधनांतले निम्म्याहून थोडे अधिक मृत्यू बाळाच्या स्वतःच्या घरात झाले होते.

याचा अर्थ उघड आहे. गाडीत आसन ठरलेल्या कोनात पक्कं बसवलेलं असतं आणि पट्टे अंगाबरोबर असतात, त्यामुळे बाळ घसरत नाही. तेच आसन घरात जमिनीवर आलं की कोन बदलतो. सोफ्यावर किंवा गादीवर ठेवलं तर ते कलंडूही शकतं. पट्टे सैल केले की बाळ घसरतं, आणि सैल पट्टा गळ्यापाशी आला की फास बनतो. आमच्या जावयांनी मायेने जे केलं, तेच सगळ्यात धोक्याचं होतं. खांद्यावरचे पट्टे चिमटीत धरता येणार नाहीत इतके घट्ट, छातीवरची पकड काखेच्या पातळीला, आणि मुक्कामी पोचताच बाळ आसनाबाहेर, एवढं पाळलं तर कार सीट आपलं काम चोख करते. लांबच्या प्रवासात मधे थांबून बाळाला बाहेर काढावं, आणि शक्य असेल तर मोठ्या माणसाने मागे त्याच्या शेजारी बसावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथली बरीच रुग्णालयं घरी सोडण्यापूर्वी ९० ते १२० मिनिटं कार सीटमध्ये बसवून त्यांचा श्वास, नाडी आणि प्राणवायू यंत्रावर पाहतात. या एका गोष्टीवरूनही ही बसती स्थिती किती नाजूक आहे ते कळावं.

चुकून लागलेल्या झोपेची गोष्ट झाली. पण झोपण्यासाठीच बनवलेलं कलतं साधन असलं तर? याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे फिशर-प्राइस कंपनीचं ‘रॉक एन प्ले स्लीपर’. २००९ मध्ये बाजारात आलेला हा झुलता बिछाना सुमारे ३० अंशांत कललेला होता. थकलेल्या आईबापांना तो वरदान वाटला, कारण बाळ त्यात खरोखरच झोपत असे. एप्रिल २०१९ मध्ये तो परत मागवला गेला तेव्हा ४७ लाख नग विकले गेले होते आणि तिसाहून अधिक मृत्यूंची नोंद होती. जानेवारी २०२३ पर्यंत नोंदवलेल्या मृत्यूंचा आकडा शंभरच्या आसपास गेला. त्यांतले किमान आठ मृत्यू साधन परत मागवल्यानंतरचे होते, कारण घराघरांत पडलेले आणि एकमेकांना दिलेले नग वापरात राहिलेच.

सुरुवातीला दोष पट्टे न बांधण्यावर आणि बाळ पालथं होण्यावर गेला. मग अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासाठी अभियंता एरिन मॅनन यांनी आर्कान्सामध्ये प्रत्यक्ष बाळांच्या स्नायूंचं काम मोजलं. कलत्या पृष्ठभागावर पोटाच्या स्नायूंना जास्त श्रम पडतात असं दिसलं. तिथे शरीर आधीच पुढे दुमडलेलं असल्याने बाळ सहज पालथं होतं, पण पालथं झाल्यावर तोंड मोकळं ठेवण्यासाठी जी ताकद लागते, ती लवकर संपते. निष्कर्ष असा, की दहा अंशांपेक्षा अधिक कल झोपेसाठी सुरक्षित नाही. मे २०२२ मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्याने लहान बाळांच्या झोपेची अशी साधनं बंद केली.

हे सांगताना मला माझ्याच घरातली एक गोष्ट आठवत होती. याच लेकीला मी नऊवारीच्या झोळीत झोपवलं आहे. झोळीत पाठ धनुष्यासारखी वाकते आणि हनुवटी छातीकडे येते. डोक्याला आकार यावा म्हणून आपल्याकडे ठेवतात ती मोहरीची उशीही डोकं पुढेच ढकलते. ‘आमच्या वेळी सगळी मुलं अशीच वाढली’ हे खरं आहे, पण जी वाढली नाहीत ती हे सांगायला आलेली नाहीत.

मग बाळाने झोपावं कुठे? उत्तर साधं आहे. सपाट, घट्ट पृष्ठभागावर, पाठीवर. सपाट, कडक तळाचा आणि उभ्या कठड्याचा पाळणा चालतो, मात्र बाळ झोपल्यावर तो हलता ठेवू नये. पाळणा नसेल तर जमिनीवर सतरंजी आणि त्यावर ताणून घातलेली पातळ चादर पुरते. उशी, लोड, जाड दुलई, मऊ खेळणी काही नको. पहिले सहा महिने तरी बाळाने आईबापांच्याच खोलीत, पण स्वतःच्या बिछान्यावर झोपावं.

इथे आजी लोकांची एक शंका हमखास येते, की दूध वर आलं तर पाठीवरचं बाळ गुदमरेल. शरीररचना उलट सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावं लागतं. त्यामुळे साध्या दूध वर येण्यासाठीही बिछाना कलता करण्याचा सल्ला आता दिला जात नाही. दूध पाजल्यावर थोडा वेळ खांद्याशी उभं धरावं, ढेकर काढावा, मग सपाट निजवावं.

राहिला प्रश्न उचलल्यावर जागं होण्याचा. त्यावर खात्रीचा उपाय नाही, पण एक पद्धत बऱ्याचदा साधते. बाळाला अंगाशी धरूनच वाकायचं, आधी पावलं टेकवायची, मग कुल्ले, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोकं. डोक्याखालचा हात सावकाश काढायचा आणि दुसरा तळवा छातीवर मिनिटभर तसाच ठेवायचा.

त्या दुपारी हे सगळं करूनही नातू जागाच राहिला. लेकीने त्याला मांडीवर घेतलं, मी चहा टाकला. संध्याकाळी पाहिलं तर जावयांनी कार सीट गाडीत नेऊन तिच्या बैठकीवर परत बसवली होती. त्यानंतर मी तिथे होते तोवर ती घरात आली नाही.