आम्लवर्षा: पाऊस तोच, मग एक तळं मरतं आणि दुसरं का वाचतं?

शाळा-कॉलेजच्या पेपरात आम्लवर्षेवर दोन-तीन मार्कांचा प्रश्न आला की बहुतेक मुलांचं उत्तर ठरलेलं असतं: "कारखान्यांच्या धुरामुळे पावसात आम्ल मिसळते, मासे मरतात, ताजमहाल खराब होतो." हे उत्तर चूक नाही, पण त्याला पूर्ण मार्क मिळत नाहीत. धुराचं आम्ल कसं होतं आणि मासे नेमके कशाने मरतात, या दोन गोष्टी त्यात राहून जातात. त्या एकदा नीट समजल्या तर पाठ करायला फारसं काही उरत नाही.

आम्ल तयार कसं होतं?

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वच्छ हवेतला पाऊसही थोडा आम्लधर्मी असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं आणि पावसाचा सामू, म्हणजे pH, साधारण 5.6 वर येतो. म्हणून आम्लवर्षेची सीमा 7 नाही, 5.6 धरतात.

त्याच्या खाली पाऊस नेणारे मुख्य वायू दोन. पहिला सल्फर डायऑक्साइड. दगडी कोळशात गंधक असतं. कोळसा जळला की तेही जळतं. दुसरा गट नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा. हा नायट्रोजन बहुतांशी हवेतलाच असतो. गाडीच्या इंजिनात किंवा भट्टीत तापमान फार वाढलं की एरवी शांत असलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो.

हे वायू चिमणीतून बाहेर पडल्याबरोबर आम्ल होत नाहीत. हवेत त्यांचं आणखी ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. पुस्तकी समीकरणं अशी:

2SO₂ + O₂ → 2SO₃
SO₃ + H₂O → H₂SO₄
4NO₂ + O₂ + 2H₂O → 4HNO₃

प्रत्यक्षात ही क्रिया सूर्यप्रकाशात तयार होणाऱ्या क्रियाशील घटकांमुळे आणि ढगाच्या थेंबातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे घडते. तिला काही तास ते काही दिवस लागतात. तेवढ्यात वारा हा धूर शेकडो किलोमीटर लांब नेतो. म्हणूनच 1967 मध्ये स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी आपल्या देशातल्या तळ्यांच्या आम्लतेचा संबंध ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराशी जोडला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. चिमणी एका देशात आणि मेलेले मासे दुसऱ्या देशात, असा तो मामला होता.

जमीन आम्ल कसं पचवते?

आता मुख्य प्रश्न. आम्लवर्षा मोठ्या भूभागावर सारखीच पडते, मग नॉर्वे-स्वीडनच्या दक्षिण भागातली अनेक तळी निर्जीव का झाली आणि चुनखडीच्या प्रदेशातली तळी का वाचली? कारण पावसाचं बहुतेक पाणी थेट तळ्यात पडत नाही. ते आधी आजूबाजूच्या जमिनीवर पडतं आणि मातीतून झिरपत तळ्यात येतं. वाटेत माती त्या आम्लाचं काय करते, यावर तळ्याचं नशीब ठरतं.

मातीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असेल तर हिशेब सोपा आहे:

CaCO₃ + 2H⁺ → Ca²⁺ + CO₂ + H₂O

आकडे घालून बघू. समजा वर्षाला 1000 मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्याचा सामू 4.3 आहे. एक चौरस मीटर जमिनीवर 1000 लिटर पाणी पडलं. या सामूला एका लिटरमध्ये साधारण 0.00005 मोल हायड्रोजन आयन असतात, म्हणजे वर्षभरात 0.05 मोल. एक मोल चुनखडी दोन मोल हायड्रोजन आयन संपवते, म्हणून लागली 0.025 मोल चुनखडी. तिचं वजन होतं फक्त अडीच ग्रॅम.

आता त्या एक चौरस मीटरखालची 20 सेंटिमीटर माती घ्या. तिचं वजन साधारण 260 किलो भरेल. त्यात एक टक्का जरी चुनखडी असली तरी ती 2.6 किलो झाली, म्हणजे निव्वळ हिशेबाने हजारेक वर्षं पुरेल इतकी. अशा जमिनीतलं तळं आम्लवर्षेला सहज पचवतं.

स्कँडिनेव्हियात ही सोय नव्हती. तिथे खाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आणि वर पातळ माती. चुनखडी जवळपास नाहीच. अशा मातीत दुसरा साठा वापरला जातो. मातीच्या बारीक कणांना चिकटलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन हायड्रोजनला आपली जागा देतात, आणि पाण्यातलं सल्फेट त्यांना सोबत घेऊन वाहून जातं. आम्ल तात्पुरतं शांत होतं, पण झाडांचं अन्न निघून जातं. हा साठा खडक झिजून हळूहळू भरतो. आम्ल त्याहून वेगाने येत राहिलं तर साठा संपतो.

तो संपला की तिसरा टप्पा सुरू होतो, आणि खरी गडबड इथेच आहे. मातीत अ‍ॅल्युमिनियम भरपूर असतं, पण एरवी ते न विरघळणाऱ्या रूपात पडून असतं. मातीचा सामू 5 च्या खाली गेला की ते विरघळू लागतं:

Al(OH)₃ + 3H⁺ → Al³⁺ + 3H₂O

हे विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम झाडांची कोवळी मुळं खुंटवतं आणि पाण्याबरोबर तळ्यात उतरतं. तिथे ते माशांच्या कल्ल्यांवर बसतं. कल्ले चिकट स्रावाने भरतात, श्वास कोंडतो आणि शरीरातले क्षार बाहेर झिरपतात. बर्फाळ देशांत वसंत ऋतूत हिवाळाभर साठलेलं आम्ल वितळत्या बर्फाबरोबर एकदम तळ्यात येतं. त्याच सुमारास अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं अगदी नाजूक अवस्थेत असतात, म्हणून हा लोंढा फार घातक ठरतो.

आपल्याकडे मातीतला हाच फरक दिसतो. दख्खनच्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर, अनेक ठिकाणी चुनखडीचे खडे हाताला लागतात. कोकणातली जांभ्याची लाल माती मात्र मुळातच आम्लधर्मी, कारण मुसळधार पावसाने तिचं कॅल्शियम केव्हाच धुऊन नेलंय. शिवाय भारताच्या बऱ्याच भागांत हवेतल्या अल्कधर्मी धुळीमुळे पावसातलं काही आम्ल खाली पडण्याआधीच शांत होतं.

तळं क्रमांक 223

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली काही छोटी तळी आहेत. तिथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 पासून एका तळ्यात जाणूनबुजून थोडंथोडं सल्फ्युरिक आम्ल सोडलं. त्या तळ्याचं नाव फक्त 223. आठ वर्षांत त्याचा सामू 6.8 वरून साधारण 5 पर्यंत खाली आणला.

तळ्यातला सगळ्यात मोठा मासा ट्राउट. अंदाज असा असतो की आम्ल वाढलं की तो मरेल. घडलं वेगळंच. सामू 6 च्या जरा खाली गेला तेव्हाच कोळंबीसारखा एक छोटा जीव जवळपास नाहीसा झाला आणि एका लहान माशाची नवी पिल्लं येणं थांबलं. ट्राउटचं खाणं हेच होतं. पुढे ट्राउटची नवी पिढी येईना, आणि जुने मासे जिवंत राहिले पण वाळून अगदी हडकुळे झाले. म्हणजे त्यांना आम्लाने थेट मारलं नाही, उपाशी ठेवलं.

इथे एक बारकावा आहे. या प्रयोगात आम्ल थेट पाण्यात ओतलं होतं, जमिनीतून आलं नव्हतं. त्यामुळे मातीतलं अ‍ॅल्युमिनियम इथे मुख्य कारण नव्हतं. म्हणून आम्लाने तळं बिघडण्याच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात: एक मातीतल्या अ‍ॅल्युमिनियमची, दुसरी अन्नसाखळी खालून तुटण्याची. 1983 नंतर आम्ल कमी करत नेलं तेव्हा काही माशांची वीण पुन्हा सुरू झाली.

पेपरात मार्क कुठे जातात?

*"सामू 7 पेक्षा कमी म्हणजे आम्लवर्षा."* असं लिहिलं तर जगातला जवळपास सगळा पाऊस आम्लवर्षा ठरेल. 5.6 लिहा.

*"कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लवर्षा होते."* ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तो वायू पावसाला 5.6 पर्यंत आणतो, त्याखाली नेतात ते गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. ओझोनचा थर किंवा हरितगृह परिणाम या उत्तरात आणूच नका.

*"SO₂ + H₂O → H₂SO₄."* हे समीकरण संतुलित होऊच शकत नाही, डावीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो. पाण्याशी थेट संयोगाने H₂SO₃ मिळतं. सल्फ्युरिक आम्लासाठी ऑक्सिडीकरणाची पायरी दाखवावीच लागते.

*"सामू 4 चा पाऊस सामू 5 पेक्षा थोडा जास्त आम्लधर्मी."* सामूचा एक अंक म्हणजे दहापट. 5.6 वरून 4.3 वर आलेला पाऊस सुमारे वीसपट आम्लधर्मी असतो.

*"आम्लामुळे मासे मरतात."* अर्धंच उत्तर. अ‍ॅल्युमिनियम आणि कल्ले हे दोन शब्द आले की उत्तर पूर्ण होतं.

*"चुना टाकून आम्लवर्षा थांबवता येते."* चुन्याने तळ्याचं किंवा शेताचं आम्ल तात्पुरतं शांत होतं, पाऊस तसाच राहतो. आम्लवर्षा थांबते ती धुरातलं गंधक चिमणीपाशी अडवल्याने.

"आम्लवर्षेचा तळ्यांवर होणारा परिणाम लिहा", या तीन मार्कांच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं आहे:

"SO₂ व नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल बनतात आणि पावसाचा सामू 5.6 पेक्षा कमी होतो. हे पाणी मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेते आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळवून तळ्यात आणते, ते माशांच्या कल्ल्यांना इजा करते. लहान जीव आधी नष्ट झाल्याने अन्नसाखळी तुटते. चुनखडी असलेल्या प्रदेशात आम्लाचे उदासिनीकरण होत असल्याने हा परिणाम कमी दिसतो."

चार वाक्यं आहेत: कारण, माती, तळं आणि अपवाद. मुलांनी हा क्रम लक्षात ठेवला तर प्रश्न मातीवर आला काय किंवा तळ्यावर, उत्तर याच धाग्यातून निघतं.